‘आधी वाच, मग हात लाव’: मोबाइल स्टार्टरच्या फर्मवेअरची एक हस्तांतर-नोंद

मोबाइल स्टार्टर हे उत्पादन शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात: विहिरीवरच्या किंवा बोअरच्या तीन फेज मोटरच्या स्टार्टरला एक डबा जोडायचा, त्यात सिम कार्ड टाकायचं आणि घरून मिसकॉल दिला की मोटर चालू. लाइट गेली, एक फेज उडाला, पाणी संपलं की डबा मोटर बंद करतो आणि मेसेज पाठवतो. आत एक एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर, एक टूजी मोडेम, दोन रिले आणि दोन सीटी, म्हणजे वायर आतून ओवून करंट मोजायच्या कड्या. सर्किट साधंच आहे. पण डबा रानात, पत्र्याच्या पेटीत, कधी उंदरांच्या शेजारी वर्षानुवर्षं चालतो, आणि फर्मवेअरमधल्या विचित्र ओळी तिथूनच आलेल्या असतात.

हे फर्मवेअर लिहिणाऱ्या मॅडम कंपनी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी मी आलो. सर्किटची ड्रॉइंग, कोड, टेस्ट जिग हे सगळं रीतसर हाती आलंच. शिवाय ‘आधी वाच, मग हात लाव’ या नावाची एक फाइल होती. कोड काय करतो हे तिच्यात कुठेच नव्हतं. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं: “कोड काय करतो ते तुला कोड वाचून कळेल. कोडमध्ये जे वेडगळ दिसेल आणि तुला साफ करावंसं वाटेल, तेवढंच इथे आहे. क्रम नुकसानीचा आहे. ज्याने मोटर जळते ते वर, ज्याने नुसता फोन येतो ते खाली.”

प्रत्येक मुद्द्याखाली तीनच गोष्टी होत्या: हे असं का आहे, बिघडलं तर बाहेरून कसं दिसेल, आणि हे कधी काढून टाकता येईल. तिसरी गोष्ट मी इतर कुठल्या नोंदीत पाहिलेली नाही. ती नसली की मागून येणारा माणूस जुन्या ओळींना घाबरून दहा वर्षं हात लावत नाही, किंवा पहिल्याच आठवड्यात उडवून टाकतो.

सगळ्यात वर सीटीचा मुद्दा होता. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मोटर चालू असताना तीनपैकी एक फेज गेला तरी मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती ओढत राहते, त्या दोन वायरींमधला करंट तेवढ्याच कामासाठी साधारण पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग तापून जळतं. मग गेलेल्या फेजचं व्होल्टेज बघून मोटर बंद का करू नये? सुरू करण्याआधी ते चालतं. सुरू झाल्यावर नाही, कारण फिरणारी मोटर स्वतःच त्या तुटलेल्या वायरीवर जवळजवळ पुरं व्होल्टेज तयार करते. मीटरला तिन्ही फेज दिसतात. म्हणून चालत्या मोटरसाठी करंटच बघावा लागतो.

आता करंट तीन आणि सीटी दोन, आर आणि बी फेजवर. तिसरी सीटी खर्चासाठी वाचवलेली आहे, आणि ते बरोबरही आहे. पंपाच्या मोटरला न्यूट्रल नसतो, त्यामुळे कोणत्याही क्षणी तिन्ही करंटची बेरीज शून्य. आर आणि बी यांचे नमुने क्षणाक्षणाला मिळवत गेलं, की उलट चिन्हाचा वाय मिळतो. वाय गेला तर आर आणि बी एकमेकांच्या बरोबर उलटे होतात आणि बेरीज शून्यावर येते. दोन्ही सीटींचे आकडे नुसते शेजारी ठेवले असते, तर वाय गेल्यावरही ते सारखेच दिसले असते. बेरीज केल्यामुळे चोरी पकडली जाते.

अडचण अशी की सीटीला दिशा असते. वायर उलट्या बाजूने ओवली किंवा तिच्या दोन तारा अदलाबदल झाल्या, की बेरजेऐवजी वजाबाकी होते. आठ अँपिअरवर समतोल चालणाऱ्या मोटरचा वाय मग आठऐवजी १३.९ दिसतो, म्हणजे आठ गुणिले १.७३. डब्याला वाटतं भयंकर असंतुलन आहे, आणि तो मोटर बंद करतो. गावातला वायरमन संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात वायर ओवतो. सीटीवरचा बाण त्याने बघावा ही अपेक्षा मॅडमनी पहिल्या वर्षातच सोडून दिली होती. म्हणून डबा पहिल्यांदा मोटर चालवतो तेव्हा दिशा स्वतः शिकतो:

```c
s = rms_sum(iR, iB);
d = rms_diff(iR, iB);
r = (s < d) ? d / s : s / d;
if (r > 1.5f && r < 2.0f)
    cfg.ct_sign = (s < d) ? 1 : -1;
```

बेरीज आणि वजाबाकी दोन्ही काढायच्या. लहान असेल ती खरी, पण दोन्हींचं गुणोत्तर १.७३ च्या आसपास असेल तरच, म्हणजे त्या वेळी मोटर समतोल चालत असेल तरच. दोन फेजवर चालत असेल आणि वाय गेलेला असेल तर एक आकडा शून्याजवळ जातो आणि गुणोत्तर प्रचंड येतं; आर किंवा बी गेलेला असेल तर दोन्ही आकडे सारखे येऊन गुणोत्तर एक येतं. दोन्ही वेळा शिकणं पुढच्या वेळेवर ढकललं जातं. एकदा शिकलं की ते चिन्ह कायमचं साठवलं जातं.

हे वाचल्यावर माझ्या मनात जे आलं ते कुणाच्याही येईल. लहान असेल ती खरी, एवढंच असेल तर चिन्ह साठवायचंच कशाला? दर वेळी लहान आकडा घ्यावा, सीटी कशीही ओवलेली असो. मॅडमना हा प्रश्न दिसला होता. नोंदीत लिहिलंय: “तुला वाटेल की दर वेळी लहानच घ्यावा. मलाही वाटलं होतं. कागदावर डीओ उडव आणि बघ.”

डीओ म्हणजे डीपीच्या वर, ११ केव्हीच्या बाजूला असतो तो फ्यूज. तो एक उडाला तर खाली शेतकऱ्याकडे एक फेज पूर्ण जात नाही. डीपीच्या आतल्या डेल्टा-स्टार जोडणीमुळे खालच्या व्होल्टेजचा समतोल विचित्र बिघडतो आणि मोटरचे करंट १:१:२ या प्रमाणात येतात. दुप्पट करंट वायमध्ये आला असं धरा. तेव्हा आर आणि बी एकाच दिशेने वाहतात. बेरीज येते १६ आणि वजाबाकी शून्य. लहान घेणारा डबा शून्य निवडेल. मोटर तो तरीही बंद करेल, कारण असंतुलन दोन्हीकडे आहे, पण मेसेज पाठवेल ‘वाय फेज नाही’. शेतकरी वायची वायर आणि किटकॅट तपासत बसेल, आणि डीओ वर लटकत राहील.

त्याहून वाईट स्थिती मधली आहे. व्होल्टेज थोडं जरी असमान झालं तरी मोटरचा करंट टक्क्यांमध्ये त्याच्या सहा ते दहा पट असमान होतो. आर आणि बी आठ असताना वाय ११.३ च्या पुढे गेला की बेरीज वजाबाकीपेक्षा मोठी होते. दर वेळी लहान घेणारं फर्मवेअर नेमकं तिथून पुढे खरा वाय लपवायला लागतं. वाय १२ असताना ते साडेदहा दाखवेल. मोटर तापतेय आणि डबा परिस्थिती खालावत असताना ती सुधारतेय असं सांगतोय. म्हणून दिशा एकदाच, चांगल्या दिवशी शिकायची आणि मग तिच्यावर ठाम राहायचं. दर स्टार्टला नव्याने शिकण्यालाही हीच हरकत. ज्या रात्री संरक्षण हवं त्याच रात्री ते चुकीचं शिकायची शक्यता सर्वांत जास्त. १.५ ते २.० ही खिडकी त्याचसाठी आहे.

या ठामपणाची किंमत नोंदीत सरळ लिहिली होती. डबा बसवल्यानंतर कधीतरी सीटी बदलली आणि नवी उलटी बसली, तर साठवलेलं चिन्ह खोटं पडतं. आणि ही तक्रार उलट्या तोंडाने येते.

तशी ती आलीच. जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन होता: “साहेब, दोन फेजवर मोटर मस्त चालते, आणि तिन्ही फेज आले की पाच सेकंदांत बंद पडते. उलटंच हाय तुमचं मशीन.” दोन फेजवर मोटर चालवायची म्हणजे कपॅसिटर लावून चालवायची. डब्यात त्यासाठी वेगळा मोड आहे आणि त्या मोडमध्ये असंतुलनाची तपासणी बंद असते, नाहीतर मोटर चालणारच नाही. म्हणजे त्या मोडमध्ये खोटं चिन्ह असलं तरी कुणाला कळत नाही. वायरमनने तोवर आर, वाय, बी यांपैकी दोन वायरी अदलाबदल करून पाहिल्या होत्या. मोटर उलटी फिरली, पाणी कमी झालं, त्या परत जागेवर लावल्या आणि डब्याला नावं ठेवली.

नोंदीत या जागी एक छोटा उतारा आहे. तो मी फोनवर जवळजवळ तसाच वाचून दाखवला. सर्व्हिस स्क्रीन उघड, तिन्ही करंट एका वेळी लिहून घे, वाय भागिले आर कर. १.७ आला तर सीटीची दिशा. २ आला तर सीटीला हात लावू नको, टाँग टेस्टर वायच्या वायरीवर लाव. टेस्टरवरही दुप्पट दिसला तर डीपीवरचा डीओ बघायला सांग. टेस्टरवर शून्य दिसला तर दोन्ही गोष्टी आहेत: वाय गेलाय आणि सीटीही उलटी आहे.

स्क्रीनवर आकडे होते ७.८, ७.९ आणि १३.५. टाँग टेस्टरवर वाय ७.८. मग विचारलं, सीटी कधी बदलली होती का? उंदराने तार कुरतडली होती, पावसाळ्याआधी नवी लावली होती. ही गोष्ट पहिल्या फोनमध्ये आली नव्हती, आणि का यावी? सीटी बदलल्यावरही मोटर दोन फेजवर चालतच होती. त्याच्या दृष्टीने दोन्हींचा संबंधच नव्हता.

उपाय दोन होते. सीटीच्या दोन तारा अदलाबदल करायच्या, किंवा मोड आणि सेट ही दोन बटणं एकत्र दाबून डब्याला सप्लाय द्यायचा, म्हणजे तो चिन्ह विसरतो आणि पुढच्या तीन फेज स्टार्टला नव्याने शिकतो. दुसरा उपाय युजर मॅन्युअलमध्ये मुद्दाम छापलेला नाही. छापला तर कुठलाही ट्रिप आला की लोक तीच दोन बटणं दाबतील, खऱ्या असंतुलनातसुद्धा, असं मॅडमचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही. खिडकी असल्यामुळे खऱ्या असंतुलनात डबा सहसा चुकीचं शिकणार नाही, फक्त शिकणं लांबेल. पण शिकेपर्यंत असंतुलनाची तपासणी ढिली असते हेही खरं, म्हणून मॅन्युअल मी अजून तसंच ठेवलंय.

नोंदीतला दुसरा मुद्दा वॉचडॉगचा, म्हणजे कोडने ठरलेल्या मुदतीत थोपटलं नाही तर चिप रिसेट करणाऱ्या टायमरचा. या चिपमधला स्वतंत्र वॉचडॉग स्वतःच्या आतल्या घड्याळावर चालतो. ते घड्याळ नावाला ४० किलोहर्ट्झ, पण डेटाशीटप्रमाणे ३० ते ६० मधलं काहीही असू शकतं. जास्तीत जास्त मुदत लावली तर ४० वर २६ सेकंद होते, ६० वर साडेसतरा आणि ३० वर पस्तीस. दुसरीकडे मोडेमला मेसेज पाठवायला `AT+CMGS` दिलं की उत्तर यायला ६० सेकंदांपर्यंत लागू शकतात. म्हणून उत्तराची वाट बघणाऱ्या लूपच्या आत वॉचडॉगला थोपटणारी ओळ आहे. कुठल्याही पुस्तकात ‘असं करू नये’ म्हणून दाखवतात तशीच.

ती ओळ काढली तर बाकावर काही होत नाही. शहरात मेसेज पाच सेकंदांत जातो. रेंज एक काडी असलेल्या रानात, आणि तेही ज्याच्या चिपचं घड्याळ जलद आहे अशाच डब्यात, मेसेज जाता जाता चिप रिसेट होते, रिले सुटतो आणि मोटर बंद पडते. त्याच गावातला दुसरा डबा, तेच फर्मवेअर, तेच सिम, महिनोन्महिने ठीक. मॅडमनी लिहिलंय, “एकच डबा करतो आणि दुसरा करत नाही असं दिसलं की लगेच सोल्डरिंगला दोष देऊ नकोस.” कसं ओळखायचं तेही आहे: रिसेटनंतर चिपच्या `RCC_CSR` रजिस्टरमध्ये कारण शिल्लक असतं. फर्मवेअर ते सगळ्यात आधी वाचून लॉगमध्ये टाकतं. लॉगमध्ये ‘डब्ल्यू’ दिसला तर वॉचडॉग, ‘पी’ दिसला तर सप्लाय. कधी काढता येईल याखाली लिहिलंय: वाट बघणारा लूप तोडून टप्प्याटप्प्याचं कोडिंग केलंस की. ते काम बाकी आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण त्यात दोन वेगवेगळ्या खोल्यांतल्या गोष्टी एकमेकांना भिडतात.

तक्रार जुनी होती. कधीकधी मिसकॉल दिला तरी मोटर चालू होत नाही, दुसऱ्यांदा दिला की होते. रिंग जाते, डबा कॉल कापतो, म्हणजे कॉल त्याला कळलाय. पण नंबर नोंदवलेला नाही असं समजून तो गप्प बसतो. मोडेम कॉल आल्यावर अशी ओळ पाठवतो:

```
RING

+CLIP: "+91XXXXXXXXXX",145,"",0,"",0
```

९६०० बॉडला एक अक्षर एक मिलिसेकंद घेतं, म्हणजे ही दुसरी ओळ सुमारे ४० मिलिसेकंदांची. आता लॉग. तो चिपच्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये लिहिला जातो, एक केबीच्या पानावर १६ बाइटच्या ६४ नोंदी. पान भरलं की पुसावं लागतं, आणि पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ प्रोसेसर ठप्प असतो, कारण त्याचा प्रोग्राम त्याच फ्लॅशमध्ये आहे. इंटरप्ट आला तरी त्याचा कोड वाचायला फ्लॅश मोकळा नाही. सिरियल पोर्ट एक-दोन अक्षरं धरून ठेवतो, बाकीची वाहून जातात. नंबरचे चार-पाच आकडे जरी गळले तरी तो नंबर कुणाचाच नाही.

पान आठवडा-दोन आठवड्यांतून एकदाच पुसलं जातं. मग ते नेमकं कॉलच्याच वेळी कसं यायचं? कारण लाइट गेल्याची नोंद लाइट आल्यावर लिहिली जाते, आणि लाइट आल्यावरच शेतकरी मिसकॉल देतो. शेतीच्या फीडरची वेळ ठरलेली असते. लाइट यायच्या मिनिटाला तो फोन हातात घेऊन बसलेला असतो. दोन दुर्मीळ घटना एकाच मिनिटात कोंबल्या गेल्या होत्या.

मॅडमनी येणारी अक्षरं इंटरप्टवरून काढून डीएमएवर टाकली. डीएमए सिरियल पोर्टमधून अक्षर उचलून थेट रॅममध्ये ठेवतो, फ्लॅशला विचारत नाही. प्रोसेसर ठप्प असताना अक्षरं गोल बफरमध्ये साठत राहतात, जागा झाला की तो वाचतो. नवख्याला हा कोड विनाकारण अवघड वाटतो. “इतक्या संथ पोर्टला डीएमए कशाला, असं तुला कुणीतरी रिव्ह्यूमध्ये विचारेल,” असं नोंदीत आहे, आणि विचारलंही. त्याच मुद्द्यात एक जोडओळ आहे: नंबर जुळवताना शेवटचे दहा आकडेच बघ, कारण सिम कंपनीप्रमाणे तोच नंबर कधी +९१ लावून, कधी शून्य लावून, कधी उघडा येतो.

कधी काढता येईल? “लॉग बाहेरच्या ईईप्रॉममध्ये नेलास तर. तोवर नाही. आणि बॉड रेट बदललास तर बफर आधी बघ.”

शेवटचं वाक्य मी तेव्हा तसंच सोडून दिलं होतं. पुढे टूजी मोडेम बदलायची वेळ आली. जिओला टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे जुन्या डब्यात ते सिम चालत नाही, आणि गावात लोकांच्या हातात तेच सिम असतं. फोरजी मोडेम लावला, पोर्ट ११५२०० वर ठेवला. जुना बफर २५६ बाइटचा. नव्या वेगाने ४० मिलिसेकंदांत ४६० अक्षरं येऊ शकतात, म्हणजे पान पुसून होईपर्यंत गोल बफर एक फेरा पूर्ण करून स्वतःवरच लिहायला लागेल. एकट्या मिसकॉलची ओळ एवढी लांब नसते. पण लाइट आल्यावर मोडेमही नुकताच जागा झालेला असतो. त्याचे स्वतःचे सुरुवातीचे संदेश, नेटवर्कचे संदेश आणि वर कॉल असं सगळं एकदम येतं. बफर १०२४ केला. या चिपमध्ये रॅम २० केबी आहे, तेवढं परवडतं.

नोंदीत त्या मुद्द्याखाली मी दोन ओळी जोडल्या आहेत: ९६०० ला २५६ पुरत होते, ११५२०० ला किमान ५१२, सध्या १०२४, आणि तपासायचं असेल तर लॉगमध्ये मुद्दाम ६३ नोंदी भरून ठेव, मेन स्विच बंद कर, चालू कर, आणि मोडेम नेटवर्कवर येत असताना मिसकॉल दे.